मोबाइल व्हिडिओसाठी साउंड लोगो: खलबत्त्याच्या ठोक्यापासून ट्रेडमार्कच्या अर्जापर्यंत

साउंड लोगो म्हणजे जिंगल नव्हे. जिंगलमध्ये शब्द असतात, चाल असते, वीस-तीस सेकंद मिळतात. साउंड लोगो एक-दीड सेकंदात संपतो, त्यात शब्द बहुधा नसतात, आणि माणूस स्क्रीनकडे पाहत नसला तरी कोणाचा व्हिडिओ लागलाय हे त्याला कळावं एवढंच त्याचं काम. इंटेलची 1994 पासूनची पाच सुरांची खूण किंवा नेटफ्लिक्सचे सुरुवातीचे दोन ठोके आठवा.

फरक असा, की तुमचा ग्राहक हा आवाज थिएटरमध्ये ऐकणार नाही. तो ऐकणार मोबाइलच्या खालच्या कडेला असलेल्या नखाएवढ्या स्पीकरवर, तोही स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन चालू असताना किंवा लोकलमध्ये. म्हणून इथे क्रम उलटा लावायचा: आधी स्पीकर काय वाजवू शकतो ते पाहायचं, मग सूर बसवायचे.

उदाहरणासाठी घरगुती मसाल्यांचा एक छोटा ब्रँड धरू. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट. जाहिरात म्हणजे रील्स, यूट्यूब शॉर्ट्स आणि व्हॉट्सअॅप स्टेटस. याच्यासाठी खूण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवून पाहू.

काय काय लागेल

- वेव्ह फाइल रेकॉर्ड करणारं अॅप किंवा साधा रेकॉर्डर
- ऑडिओ एडिटर. ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरतं
- ट्यूनर अॅप
- आवाजाची पातळी मोजायला ffmpeg
- तपासणीसाठी तीन फोन: एक स्वस्तातला, एक तीन-चार वर्षं वापरलेला, एक नवा
- एक ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरबड
- संगीतकार, वादक आणि रेकॉर्डिंग करणारा, तिघांशी लेखी करार

1. आधी जागा ठरवा

बहुतेक जण खूण व्हिडिओच्या अगदी शेवटी, लोगोच्या पाटीवर ठेवतात. टीव्हीवर ते ठीक होतं. छोट्या व्हिडिओत पाटी आली की लोक अंगठा सरकवतात, म्हणजे खूण वाजते तेव्हा ऐकणारा निघून गेलेला असतो.

अगदी पहिल्या क्षणी ठेवण्यातही अडचण आहे. बरेच ब्लूटूथ स्पीकर आणि इअरबड शांतता असली की झोपी जातात आणि आवाज सुरू झाल्यावर जागं व्हायला क्षणभर घेतात. तेवढ्यात तुमचा पहिला ठोका गिळला जातो. दीड सेकंदाच्या खुणेतला पहिला ठोका गेला म्हणजे तालच गेला.

आमच्या मते योग्य जागा म्हणजे व्हिडिओ सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांनी, मसाल्याचं पाकीट पहिल्यांदा दिसतं तिथे. आधी बोलणं किंवा भांड्यांचा आवाज आलेला असतो, स्पीकर जागा असतो, आणि पाकीट टेबलावर टेकतं त्याच फ्रेमला खूण वाजते. आवाज बंद ठेवून पाहणारेही खूप असतात, म्हणून पाकीट टेकण्याची ती हालचाल दर वेळी तशीच ठेवा. आवाजाची जोडी एका दृश्याशी जमली, की नुसतं दृश्य दिसलं तरी आवाज आठवतो.

2. कच्चा आवाज निवडा आणि नीट रेकॉर्ड करा

मसाला म्हटलं की पहिली कल्पना फोडणीची सुचते. तेलात मोहरी, चर्र. मनात फार छान वाटते, पण फोनवर फसते. फोडणीचा आवाज म्हणजे सगळ्या कंपनसंख्यांचा सरसकट गोंगाट. त्याला ना ताल, ना सूर, ना ठळक सुरुवात. फोनच्या स्पीकरवर तो पावसासारखा किंवा बिघडलेल्या रेडिओसारखा ऐकू येतो. शिवाय एडिटिंग अॅपमधला आवाज साफ करणारा फिल्टर याच गोष्टीला कचरा समजून पुसून टाकतो.

खलबत्ता जास्त उपयोगी, कारण त्याला ठोका आहे आणि ठोक्यानंतर नादही आहे. मात्र कोणता, ते पाहा. दगडी खल फक्त ‘कुट’ म्हणतो. पितळी खल कुटतोही आणि ‘ठण’ असा घुमतोही. आपल्याला दोन्ही हवेत, म्हणून पितळी घ्या.

रेकॉर्डिंग करताना होणारी नेहमीची चूक म्हणजे खल हाताने घट्ट धरणं किंवा त्यात मसाला भरलेला असणं. दोन्हीने नाद मरतो. ‘ठण’साठी खल रिकामा हवा, घडी घातलेल्या सुती फडक्यावर ठेवलेला, आणि बत्ता काठाच्या आतल्या बाजूला हलकेच लागलेला. ‘कुट’साठी त्याच खलात चमचाभर धने घाला आणि बत्ता सरळ तळावर सोडा.

माइक हातभर लांब, थोडा बाजूला. खोलीत गाद्या, पडदे, कपडे असू द्या. टाइल्सच्या स्वयंपाकघरात घुमणारा प्रतिध्वनी नंतर काढता येत नाही. पंखा आणि फ्रिज बंद. प्रत्येक ठोका वेगवेगळ्या जोराने पंधरा-वीस वेळा घ्या, आणि दोन ठोक्यांमध्ये नाद पूर्ण विरेपर्यंत थांबा.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. पुष्कळ रेकॉर्डर अॅप बोलणं टिपण्यासाठी बनवलेली असतात. ती आपोआप आवाज वरखाली करतात आणि बोलण्यासारखं नसेल ते दाबतात. मग ‘ठण’चं शेपूट अर्ध्यात कापल्यासारखं येतं. हे ओळखायला लाटेचं चित्र पाहा: नाद हळूहळू निमुळता होत जायला हवा. मध्येच पायरी पडल्यासारखा तुटला असेल तर अॅप बदला, किंवा त्यातली आवाज सुधारण्याची सोय बंद करा.

3. ताल आधी, सूर नंतर

गोंगाटात सूर आधी हरवतो, ताल बराच वेळ टिकतो. म्हणून खुणेला स्वतःचा ताल हवा, आणि तो नुसत्या टेबलावर बोटांनी वाजवला तरी ओळखू यायला हवा.

आपल्या उदाहरणात एक ठोका 0.2 सेकंदाचा धरू. 30 फ्रेमच्या व्हिडिओत तो बरोबर 6 फ्रेमचा होतो, त्यामुळे व्हिडिओ जुळवणाऱ्याला गणित सोपं जातं.

- 0.0 सेकंद (फ्रेम 0): कुट
- 0.2 सेकंद (फ्रेम 6): कुट
- 0.4 सेकंद (फ्रेम 12): रिकामं
- 0.6 सेकंद (फ्रेम 18): ठण, आणि त्याच क्षणी पहिला सूर
- 0.8 सेकंद (फ्रेम 24): दुसरा सूर
- 1.0 सेकंद (फ्रेम 30): तिसरा सूर, 1.6 सेकंदापर्यंत विरत जाणारा

मधली रिकामी जागा भरायचा मोह होईल. भरू नका. ती काढली तर उरतात नुसते पाच सरळ ठोके, आणि ते कोणाचेही असू शकतात. पाकीट टेबलावर टेकतं ते फ्रेम 18 ला, म्हणजे ‘ठण’वर. आवाज दृश्याच्या आधी आला तर डोळ्याला लगेच खटकतं, किंचित मागे राहिला तर चालून जातं. तेव्हा शंका असेल तर आवाज एक फ्रेम उशिरा ठेवा, आधी कधीच नको.

आता सूर. पितळी खलाचा स्वतःचा एक सूर असतो, आणि तो बदलणं अवघड. म्हणून बाकीचे सूर त्याच्याशी जुळवायचे. ‘ठण’ ट्यूनरला ऐकवा. समजा D6 दिसलं, म्हणजे सुमारे 1175 हर्ट्झ. मग आपला षड्ज पांढरी दोनचा. नाद दोन स्वरांच्या मध्ये लटकत असेल तर एडिटरमध्ये तो अर्ध्या स्वरापर्यंत सरकवता येतो. त्याहून जास्त सरकवला तर पितळ पत्र्यासारखं वाजायला लागतं.

तीन सूर: तार षड्ज, वरचा मध्यम आणि मग गंधार. पांढरी दोनमध्ये ते साधारण 587, 784 आणि 740 हर्ट्झवर येतात. मध्यमावरून गंधारावर उतरलं की छोटं वाक्य संपल्यासारखं वाटतं. सा-प-सा टाळा, तानपुरा जुळवल्याचा भास होतो आणि ते सगळ्यांनी वापरलेलं आहे. वाद्य म्हणून जलतरंग घेतलं, तर स्वयंपाकघराशी नातं राहतं. वाडग्यात पाणी वाढवलं की सूर उतरतो, त्यामुळे खलाच्या सुराशी चमच्या-चमच्याने जुळवता येतं.

4. फोनच्या स्पीकरला झेपेल असं करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फोनचा छोटा स्पीकर साधारण 300-400 हर्ट्झच्या खाली झपाट्याने ढेपाळतो. तुमच्या हेडफोनमध्ये ‘कुट’ छातीत बसतो, कारण त्याचा जोर 100-150 हर्ट्झवर आहे. फोनवर तोच ठोका नाहीसा होतो आणि धन्यांची बारीक खरखर तेवढी उरते.

खालचा आवाज वाढवून हे सुटत नाही. स्पीकर तो वाजवू शकत नाहीच, उलट कंपनीचं आतलं संरक्षक सॉफ्टवेअर सगळाच आवाज दाबतं. उपाय असा, की ठोक्याला मधल्या पट्टीत एक जोडीदार द्यायचा. पोळपाटावर लाटण्याचं टोक आपटून रेकॉर्ड करा. त्या ‘टक्’चा जोर कित्येक पट वर, 500 ते 900 हर्ट्झच्या आसपास मिळतो. तो ‘कुट’च्या बरोबर खाली लावा, आवाज निम्म्याने कमी. फोनवर ऐकणाऱ्याला लाकूड वेगळं कळत नाही, त्याला वाटतं खलबत्ता भरीव आहे. दोन्ही ठोक्यांच्या सुरुवाती लाट मोठी करून अगदी एका रेषेत आणा, नाहीतर दोन वस्तू पडल्यासारखं वाजतं.

मग 150 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. फोनला ते नकोच आहे आणि मोठ्या स्पीकरवर उगाच धडधड करतं.

वरच्या टोकालाही लक्ष हवं. 2000 ते 5000 हर्ट्झमध्ये माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि फोनचे स्पीकरही तिथेच किंचाळतात. पितळेचा नाद नेमका तिथे भरलेला असतो. फोन पूर्ण आवाजावर ठेवून ऐका. दात आंबल्यासारखं झालं तर 3000 च्या आसपास 3-4 डेसिबल कमी करा.

खूण मोनोतच बनवा. रुंद वाटावं म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना वेगळं केलेलं ध्वनिमिश्रण एका स्पीकरवर एकत्र आलं की काही भाग एकमेकांना खाऊन टाकतात. कधी कधी ‘ठण’च गायब होतो आणि कारण सापडत नाही.

दर वेळी फाइल फोनवर पाठवण्याआधी संगणकावर अंदाज घ्यायचा असेल, तर ही ओळ चालवा:

```
ffmpeg -i khoon.wav -af "highpass=f=400,lowpass=f=8000" -ac 1 phone.wav
```

`phone.wav` मध्ये ताल आणि तिन्ही सूर स्पष्ट ऐकू आले तर पुढे जा. हा ढोबळ अंदाज आहे. खरा निकाल फोनवरच.

सुरुवातीला 5 मिलिसेकंद आणि शेवटी 100 मिलिसेकंदांचा फेड द्या. नाहीतर कापलेल्या जागी ‘टिक्’ येतो, आणि तो फोनवर हेडफोनपेक्षा जास्त टोचतो.

5. आवाजाची पातळी

खूण एकटी वाजणार नाही, ती बोलण्यामध्ये येणार. त्यामुळे ती स्वतः किती मोठी आहे याला अर्थ नाही. बोलण्याच्या तुलनेत किती, हे महत्त्वाचं.

```
ffmpeg -i video.mp4 -af ebur128=peak=true -f null -
```

चालताना `M`, `S` आणि `I` असे आकडे दिसतात, आवाज कानाला किती मोठा भासतो ते सांगणाऱ्या LUFS या एककात. बरेच जण `I` पाहतात, म्हणजे पूर्ण फाइलची सरासरी. `S` तीन सेकंदांच्या खिडकीतून मोजतो. आपली खूण 1.6 सेकंदांची, म्हणजे त्या खिडकीत जवळजवळ अर्धं खुणेच्या आजूबाजूचंच मोजलं जातं. आपल्याला हवा `M`, तो 0.4 सेकंदाचा तुकडा मोजतो. बोलण्याचा `M` जिथे -14 च्या आसपास फिरतो, तिथे खुणेचा सर्वांत मोठा `M` तेवढाच किंवा एक-दोनने कमी ठेवा. पितळ आकड्यापेक्षा मोठं भासतं.

शिखर -1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. अॅप व्हिडिओ पुन्हा दाबून साठवतं तेव्हा शिखरं थोडी वर सरकतात, आणि शून्याला टेकलेला ठोका फाटतो. खूण मुद्दाम मोठी करूनही फायदा नाही: यूट्यूब साधारण -14 च्या वरचा अख्खा व्हिडिओ खाली आणतं, त्यात तुमचं बोलणंही दबतं.

6. तपासणी

व्हिडिओत बसवून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा, तो उतरवून घ्या आणि परत दुसऱ्याला पाठवा. दुसऱ्या फेरीनंतर नादाचं शेपूट पाण्यात बुडबुडल्यासारखं येत असेल तर नाद फार लांब आणि फार बारीक आहे; तो आखूड करा. मग तिन्ही फोन मिक्सर चालू असलेल्या स्वयंपाकघरात, खिशात आणि टेबलावर उलटे ठेवून ऐका. उलटा ठेवलेला फोन हा फार चांगला परीक्षक आहे.

लोकांना ऐकवताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ‘हा आवाज कशाचा?’ असं विचारा. आपल्या उदाहरणात इथे एक धोका आहे: पितळेचा ‘ठण’ देवघरातल्या घंटेसारखा वाटू शकतो. दहापैकी तीन-चार जण ‘आरती’ म्हणाले, तर ‘ठण’चं शेपूट आखूड करा आणि आधीचे दोन ‘कुट’ थोडे वाढवा. कान आधी कुटणं ऐकतो आणि पुढच्या नादाला त्याच वस्तूचा समजतो. कोणी ऐकताच स्वतःचा फोन उचलून पाहिला, तर खूण नोटिफिकेशनसारखी झाली आहे. मग सूर वेगळे निवडायला लागतील, थातुरमातुर दुरुस्ती चालत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना ताल टेबलावर वाजवून दाखवायला सांगा. कुट-कुट आणि मधली रिकामी जागा जमली तर काम झालं.

7. हक्क कागदावर

पैसे दिले म्हणजे आवाज आपला झाला, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. चाल संगीतकाराची, वादन वादकाचं, ध्वनिमुद्रण आणखी तिसऱ्याचं असू शकतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. तुमचा मसाला दुबईत किंवा न्यू जर्सीत जात असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. शिवाय वेगळं लिहिलं नसेल आणि हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपलं असं मानलं जातं. करारात काम कोणतं, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि किती मोबदल्यात, हे सगळं हवं.

तयार सॅम्पलच्या पॅकमधला ठोका किंवा लूप वापरू नका. परवाना असला तरी तो फक्त तुमच्यासाठी नसतो. तोच तुकडा दुसऱ्याने गाण्यात वापरून नोंदवला, तर तुमच्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा लागू शकतो.

आवाजाचा ट्रेडमार्कही भारतात मिळतो. याहूच्या ‘योडल’ची नोंद 2008 मध्ये झाली. ट्रेडमार्क नियम, 2017 नुसार आवाज एमपी3 स्वरूपात, 30 सेकंदांपेक्षा मोठा नसलेला, आणि सोबत त्याचं स्वरलेखन चित्ररूपात द्यावं लागतं. अर्ज `TM-A`, मसाल्यांसाठी वर्ग 30. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. नोंद दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण.

अडतं ते वेगळेपणावर. एक-दोन सुरांची साधी खूण किंवा सर्वांना ठाऊक असलेली धून सहसा मान्य होत नाही. ढोलकीचा ओळखीचा तोडा किंवा तुतारी आपल्याला कितीही जवळची वाटली, तरी ती एका ब्रँडची म्हणून नोंदवणं कठीण. खलबत्त्याच्या नुसत्या ठोक्यावरही आक्षेप येऊ शकतो, कारण मसाला कुटताना तसाच आवाज येतो. तीन सूर आणि ती रिकामी जागा इथे कामाला येतात. स्वरलेखनात ठोक्यांच्या वेळाही लिहायला सांगा, नुसते सा-म-ग नव्हे.

8. फाइल कोणाला कशी द्यायची

- `khoon_full_48k.wav`: 1.6 सेकंद, मोनो, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, व्हिडिओसाठी हीच
- `khoon_short_48k.wav`: फक्त कुट-कुट-ठण, सुमारे 1 सेकंद, स्टेटससाठी
- `khoon_tm.mp3`: अर्जासाठी

छोटी आवृत्ती करताना सूर काढा, ताल ठेवा. उलट केलं तर ती वेगळीच खूण होते.

व्हिडिओ करणाऱ्याला तीन सूचना लिहून द्या. पार्श्वसंगीत खुणेच्या पाव सेकंद आधी 10-12 डेसिबल खाली आणायचं आणि खूण विरल्यावरच वर न्यायचं. नॉइज रिडक्शन फक्त बोलण्याच्या ट्रॅकवर लावायचं, सबंध व्हिडिओवर नाही. आणि व्हिडिओचा वेग वाढवायचा असेल तर आधी वाढवायचा, खूण नंतर बसवायची. तयार व्हिडिओ 1.2 पटीने पळवला तर ताल घाईचा होतो, आणि काही अॅपमध्ये सूरही वर चढतो: पांढरी दोनची खूण पांढरी तीनच्याही वर काळी-पांढरीत कुठेतरी वाजते, आणि हे पाहणाऱ्याला कळण्याआधी व्हिडिओ दोनशे ग्रुपमध्ये गेलेला असतो.